उत्तर झाकावे, प्रश्न नव्हे

मराठीत नवा कादंबरीकार हस्तलिखित बहुधा थेट प्रकाशकाकडे पाठवतो. साहित्यिक एजंटकडे जावे लागते ते मुख्यतः इंग्रजीत लिहिणाऱ्याला किंवा अनुवादाचे हक्क परदेशी विकू पाहणाऱ्याला. तेथे आधी वाचले जाते ते एक पानी पत्र: कादंबरीचे नाव, प्रकार, शब्दसंख्या, कथाबीज आणि दोन ओळींचा परिचय. पहिलीच रहस्यकथा लिहिणारा या पत्रात नेमका कथाबीजाशी अडखळतो. रहस्य फुटेल या धास्तीने तो सारेच झाकतो आणि उरते ते ‘एका गूढ मृत्यूने शहर हादरते’ असे वाक्य. ते हजार कादंबऱ्यांना चालेल, म्हणून त्याच्या कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही. पत्रात उत्तर जरूर झाकावे, प्रश्न मात्र उघड आणि नेमका मांडावा.

समजा, कादंबरी शिरोली एमआयडीसीतल्या एका काल्पनिक फाउंड्रीत घडते. काळ ऑगस्ट 2019 चा; पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडलेला. फाउंड्रीत भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याला हीट नंबर देतात, रजिस्टरात त्याची नोंद होते. माल रिजेक्ट झाला, तर दोष कोणत्या दिवशीच्या ओतकामातला हे त्यावरूनच शोधतात. आता पत्रातले वाक्य असे होऊ शकते: ‘पुरामुळे वीज गेली, इंडक्शन भट्टी पाच दिवस थंड होती, मग मृत सुपरवायझरच्या टेबलावरच्या कास्टिंगवर त्याच पाच दिवसांतला हीट नंबर कसा?’ एवढ्यात स्थळ, काळ, धंदा आणि कोडे एकदम समोर येतात.

यावर कुणी म्हणेल, महत्त्वाचा धागाच हातचा गेला. पण हा धागा तपासाची सुरुवात आहे. तो कळताच जी कथा कोसळते तिचा दोष पत्रात नसून रचनेत आहे. खुनी कोण, हे सारांशात लिहायचे असते. एजंट सारांश बहुधा वेगळा मागवतो आणि तेथे लपवाछपवी चालत नाही, कारण गाठ प्रामाणिकपणे सुटते का, हेच त्याला पाहायचे असते. दुसरा आक्षेप असा की, नवख्याकडे सांगण्याजोगे नाव नसते. नसू दे. फाउंड्रीत काम केले असेल तर ती एक ओळ पुरे. ‘बाबूराव अर्नाळकरांसारखी’ अशी तुलनाही फारशी उपयोगी नाही, कारण आज कोणता वाचक हे पुस्तक घेईल हे कळायला अलीकडची पुस्तके सांगावी लागतात.

पत्र पाठवण्याआधी शिरोलीच्या जागी दुसऱ्या गावाचे नाव घालून पाहावे. परिच्छेद तसाच उभा राहिला, तर प्रश्न अजून नेमका झालेला नाही. मात्र चांगल्या पत्राचे काम पुढची प्रकरणे मागवून घेण्यापुरतेच असते. त्यानंतर कादंबरीनेच बोलायचे.