कंसातलं नाव

धाकट्याचं पत्र कॅनडाहून आलं तेव्हा भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. पत्र लहानच होतं. "दादा, रानावरचा माझा हक्क मी सोडतो. कसतोस तू, तुझंच राहू दे. फक्त सातबारा आणि वडील वारल्यापासूनच्या फेरफारांच्या नकला पाठव."

पहिलं वाक्य वाचून डोळे भरून आले. दुसरं वाचून मन खट्टू झालं. सोडायचं तर कागद कशाला हवेत?

तलाठ्याला पत्र दाखवलं तर तो हसला. "पत्रानं जमीन सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. त्यांना यायला जमत नसेल तर तिकडच्या आपल्या वकिलातीत सही साक्षांकित करून कुणाला तरी मुखत्यार नेमावं लागेल. मग मी फेरफार धरणार, नोटिसा जाणार, मंडळ अधिकारी मंजूर करणार आणि मग त्यांच्या नावाला कंस."

तेव्हा नाव खोडत नसत, कंसात घालत. माणूस होता, आता त्याचा हक्क नाही, एवढं त्या दोन रेघा सांगत.

नकला काढल्या. वारसनोंदीत तीन नावं होती : मी, धाकटा आणि आक्का. पुढच्याच फेरफारात आक्कानं स्वखुशीनं हक्क सोडल्याचा जबाब, खाली तिचा अंगठा. तो दिवस मला आठवला. चावडीत दहा मिनिटं लागली होती. ना नोंदणी, ना मुखत्यार. घरी येऊन मी तिला लुगडं नेसवलं आणि विषय संपला. तिच्या नावाला कंस झाला, तेव्हा माझे डोळे भरले नव्हते.

धाकटा सोडतो तर त्याग, बहिणीनं सोडलं तर रीत. त्याचं पोट रानावर नाही, तरी गावभर मी त्याचं कौतुक सांगत होतो. आक्का सासरी दुसऱ्याच्या बांधाला खुरपायला जात होती.

नकला घेऊन तिच्याकडे गेलो. विचारलं, "आक्का, तेव्हा खरंच खुशीनं दिलास अंगठा?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई दिला असता तर दिवाळीला मुराळी आला असता का रं?"

मला उत्तर सुचलं नाही. नाही म्हणायची सोयच नसेल, तर सोडलं याला सोडलं म्हणावं का? धाकट्याला ती सोय होती. शिवाय काय सोडतोय ते आधी बघावं, म्हणून त्यानं कागद मागितले. आक्काला कुणी कागद वाचूनही दाखवला नव्हता.

नकला पाठवल्या. सोबत लिहिलं, "तुझा हिस्सा मला नको. आक्काच्या नावानं बक्षीसपत्र कर. माझ्या हिश्श्याचं काय करायचं ते मी तिच्यापुढं बसून ठरवतो."

ते पाकीट पेटीत टाकताना हात जड झाला होता, हेही लिहून ठेवतो.