नवरोजच्या मेजासमोर

२१ मार्चच्या सकाळी शेजारच्या पारशी किंवा इराणी घरातून बोलावणं आलं असेल, तर हे मनन तुमच्यासाठी आहे. मेजासमोर सगळे बसले की एकाने ते सावकाश वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, आणि वाचणाऱ्याने परिच्छेदापाशी दोन-तीन श्वास थांबावं. तिथे वाचणं अवघड वाटत असेल, तर आदल्या रात्री घरीच वाचून जा आणि तिथे नुसतं बघा.

सुरुवात उंबऱ्यापासून करा. तिथे पांढऱ्या पुडीचे मासे उमटलेले दिसतील. छिद्रं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत पूड भरतात, डबी जमिनीवर हलकेच ठोकतात आणि नक्षी उमटते. पारशी लोक याला चॉक म्हणतात. वर दाराला फुलांचं तोरण आहे. मासे न पुसता आत पाऊल टाका.

आता शुभेच्छा. ‘नवरोज मुबारक’ एवढं म्हटलं की पुरतं. ‘साल मुबारक’सुद्धा चालतं, पारशी घरांत ते सर्रास ऐकू येतं. यजमानीणबाई वयाने मोठ्या असतील तर इमारतीतली मुलं त्यांना आंटी म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा. त्या कदाचित चांदीची गुलाबदाणी घेऊन पुढे येतील; तळहात ओंजळीसारखे पुढे करा. गुलाबपाणी पडेल, ते चेहऱ्याला लावा. इराणी घरात त्याच वेळी तुमच्यासमोर आरसाही धरतील. अशा वेळी आपण नजर चुकवतो. चुकवू नका. स्वतःच्या चेहऱ्याकडे शांतपणे बघा, जमलं तर हसा. नवीन वर्षातली पहिली नजर हसऱ्या चेहऱ्यावर पडावी, म्हणून तो आरसा आहे.

बसा. पाठ टेकवा. समोर मेजावर पांढरं कापड आहे आणि त्यावर बरंच काही मांडलेलं आहे.

इथे पाहुणे एक गोष्ट हमखास करतात: मोजायला लागतात. इराणमध्ये या मांडणीला हफ्त-सीन म्हणतात, म्हणजे ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू. गव्हाचे हिरवे कोंब, सफरचंद, लसूण, सिरका, सुमाक नावाची आंबट लालसर पूड, सेंजेद हे सुकवलेलं छोटं फळ आणि समनू. आपल्याकडे सेंजेद आणि सुमाक सहज मिळत नाहीत, म्हणून कुणी नाणी ठेवतं, कुणी फुलं. पारशी घरात तर ‘स’चा हिशोब फारसा कुणी ठेवतच नाही; तिथे चांदीचं ताट, म्हणजे सेस, मांडलेलं असतं. त्यामुळे ‘सातवी वस्तू कुठली राहिली?’ असं विचारलंत तर गप्पा कोड्यांकडे वळतील. अक्षरं बाजूला ठेवा. या मेजावर दुसरे सात आहेत, आणि ते अधिक जुने आहेत.

झरथुष्ट्री धर्मात अहुरमझ्दाने हे जग सात सृष्टींत घडवलं असं मानतात. प्रत्येक सृष्टीला एक रक्षक आहे. या सात रक्षकांना अमेशास्पंद म्हणतात. बुंदहिश्न या पहलवी ग्रंथात सृष्टी घडण्याचा क्रम दिला आहे: आधी आकाश, मग पाणी, जमीन, वनस्पती, पशू, माणूस आणि शेवटी अग्नी. त्याच क्रमाने मेजावर नजर फिरवू या. एकेका वस्तूपाशी थांबा.

पहिलं आकाश. ते मेजावर शोधायचं असेल तर धातूकडे बघा. जुन्या कल्पनेत आकाश हे चकाकणाऱ्या कठीण धातूचं होतं, म्हणून आकाशाचा रक्षक शेहेरेवर हा धातूंचाही रक्षक आहे. सेसच्या ताटावर नजर स्थिर करा. त्यात शंकूसारखा उंच सोपारो आहे, त्यात पत्रीसाखर भरलेली असते. शेजारी कुंकवाची छोटी पिगाणी आहे. नारळ, विड्याची पानं, सुपारी, खारीक, तांदूळ. हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे; पारशी मंडळी गुजरातच्या किनाऱ्यावर आली, तिथे शतकानुशतकं राहिली आणि तिथलं शुभ त्यांनी आपल्या ताटात घेतलं. चांदीच्या कडेवर खिडकीचा उजेड कसा पडलाय, तेवढंच आता बघा.

दुसरं पाणी. काचेचं भांडं शोधा. त्यात एखादं संत्रं तरंगत असेल, नाहीतर फुलांच्या पाकळ्या. काही घरांत गोल्डफिश असतो. माझं मत विचाराल तर चिमुकल्या भांड्यात जिवंत मासा ठेवू नये. त्या पाण्यात त्याचा श्वास कोंडतो आणि बरेचदा तो लवकर मरतो. सेसच्या ताटात चांदीचा मासा असतोच. पाण्याचा रक्षक खोरदाद. त्याच्या नावाचा अर्थ पूर्णत्व, धडधाकटपण. भांड्यातलं पाणी हलायचं थांबेपर्यंत बघत राहा.

तिसरी जमीन. ती मेजावर वेगळी मांडलेली सापडणार नाही. पायाचे तळवे फरशीवर पूर्ण टेकवा. जमिनीची रक्षक स्पेंदारमद, सगळ्यांचा भार सोसणारी. मेज तिच्यावर उभं आहे आणि तुम्हीही. एक लांब श्वास घ्या आणि सोडताना तळव्यांवर येणारं वजन जाणवू द्या.

चौथी वनस्पती, आणि इथे जरा जास्त वेळ रेंगाळू या. हिरव्या कोंबांचं ताट जवळ ओढून घ्यायची परवानगी विचारा. आंटी नाही म्हणणार नाहीत. दहा-बारा दिवसांपूर्वी त्यांनी गहू भिजत घातले होते. मोड आल्यावर ते ताटलीत एका थरात पसरले, वर ओलं फडकं घातलं, आणि कोंब दिसू लागल्यावर फडकं काढून रोज हाताने पाणी शिंपडलं. आपल्याकडे नवरात्रात घटाखाली धान्य रुजतं ते मातीत. इथे माती नाही. मुळं एकमेकांत गुंतून त्यांचीच चटई होते आणि ती चटईच कोंबांना उभं धरते. ताटली किंचित उचलून कडेने बघा, पांढऱ्या मुळांची ती वीण दिसेल.

हे वाटतं तितकं सोपं नाही. पाणी जरा जास्त झालं आणि तळाशी साचलं की मुंबईच्या दमट हवेत मुळांना बुरशी लागते. डोळ्यांना दिसायच्या आधी ती नाकाला कळते, आंबूस वास येतो. मग ताट फेकून पुन्हा गहू भिजवावे लागतात, आणि २१ तारखेपर्यंत कोंब बोटभरही होत नाहीत. समोरचं ताट हिरवंगार असेल, तर कुणीतरी रोज सकाळी वाकून त्याचा वास घेतला आहे.

आता समनूची वाटी. गव्हाच्या मोडांचा रस आणि कणीक तासन्‌तास ढवळत शिजवून ती होते. तिच्यात साखर नसते. गव्हाला मोड येताना त्यातला पिठूळ भाग हळूहळू गोड होत जातो, त्या गोडीवरच समनू होते. दिली तर बोटाच्या टोकावर घेऊन चाखा आणि चव जिभेवर विरघळेपर्यंत बोलू नका. वनस्पतींचा रक्षक अमरदाद, मृत्यू नसलेला.

पाचवे पशू. मेजावर रंगवलेली अंडी आहेत, कुठे दुधाचा पेलाही आहे. त्यांचा रक्षक बहमन, आणि बहमन म्हणजे सद्विचार. गाईगुरांची राखण बळाकडे नाही, चांगल्या विचाराकडे सोपवली आहे. पारशी पंचांगातल्या बहमन महिन्यात पुष्कळ पारशी कुटुंबं मांस खात नाहीत, ती याच कारणाने. एक अंडं तळहातावर ठेवून बघा. त्याचं वजन, त्याचा गारवा. बहमनचं नाव मनात घेत या वर्षी कुठल्या मुक्या जिवाशी तुमचा रोजचा संबंध येणार आहे, ते आठवा.

सहावा माणूस. त्याचा रक्षक स्वतः होरमझद, म्हणजेच अहुरमझ्दा. मेजावर झरथुष्ट्रांची तसबीर आहे, आणि आरसाही आहे. दारात आरशात तुम्ही एकटे होतात. आता जरा बाजूने त्यात डोकावा: खोलीतली इतर माणसं दिसतात का?

सातवा अग्नी. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि तेलावर तरंगणारी वात, हा दिवो. कुठे चांदीच्या अफर्गान्यात सुखड आणि लोबान जळत असतो आणि तो घरभर फिरवतात. अग्नीचा रक्षक अर्दीबेहेश्त, सत्य आणि ऋताचा. बुंदहिश्नमध्ये अग्नी शेवटी येतो, पण तो आधीच्या सगळ्यांत भरून आहे असं म्हटलंय. म्हणून आता मागे जा, उलट क्रमाने: माणसाच्या अंगातली ऊब, अंड्यातली, गव्हातली, जमिनीतली, पाण्यातली, आकाशातली. ज्योतीकडे बघत हे सावकाश करा. एक मात्र सांभाळा, विशेषतः मुलं बरोबर असतील तर: ज्योतीवर फुंकर मारायची नाही. तोंडचा श्वास अग्नीला लागू नये असं ही मंडळी मानतात. तेल संपलं की दिवो आपणच शांत होतो.

एवढ्यात रवो येईल, दुधात शिजवलेला, वर बदाम-मनुका. किंवा गोड शेवया आणि मिठ्ठू दही. पोटभर खा.

निघताना ऑगस्टची गोष्ट लक्षात ठेवा, कारण शुभेच्छा तिथेच चुकतात. मार्चचा नवरोज दिवस-रात्र समान होण्याशी बांधलेला आहे. पारशांपैकी बहुसंख्य मात्र शहेनशाही पंचांग पाळतात. त्याचं वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. म्हणून दर चार वर्षांनी नवीन वर्ष एक दिवस अलीकडे सरकतं. २०२३ मध्ये ते १६ ऑगस्टला होतं, २०२४ पासून १५ ऑगस्टला आलं आणि २०२८ मध्ये १४ला येईल. महाराष्ट्रात त्याची सुट्टी असते आणि आपण सगळे ‘हॅपी पतेती’ म्हणून मोकळे होतो. पण पतेती हा जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस, पतेतची म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचा. त्याआधीपासूनचे मिळून दहा दिवस मुक्तादचे असतात. अगियारीत मृतांच्या नावाने फुलं वाहिली जातात आणि गेलेले घरी आलेले आहेत असं मानतात. वडीलधारी मंडळी ‘हॅपी पतेती’ हसून स्वीकारतात, चूक दाखवत नाहीत. तुम्ही पतेतीच्या दिवशी मुबारक म्हणू नका. आंटींचं कुणी अलीकडे गेलं असेल, तर त्यांच्या नावाने गुलाबाची फुलं घरी नेऊन द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ‘नवरोज मुबारक’ म्हणा.