कॅफीन मोजावे घड्याळावर

कॉफी कडक, चहा सौम्य आणि कोको मुलांचा, अशी एक उतरंड आपल्याकडे सर्रास धरली जाते. पानाकडे पाहिले तर ती चुकीची ठरते. सुक्या चहात वजनाच्या साधारण 2 ते 4 टक्के कॅफीन असते, तर भाजलेल्या अरेबिका कॉफीत 1 टक्क्याच्या थोडे वर आणि रोबस्टात सुमारे 2 टक्के. कपात मात्र क्रम उलटतो, कारण कॉफीच्या एका कपाला 10 ग्रॅमच्या आसपास पूड लागते आणि चहाला 2-3 ग्रॅम पुरते. म्हणून गाळलेल्या कॉफीच्या 150 मिलिलिटरच्या कपात 80 ते 120, इन्स्टंटमध्ये 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन, असे आकडे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत सापडतात. आपला चहा तर बारीक दाणेदार पुडीचा आणि चांगला उकळलेला, त्यामुळे तो या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे झुकू शकतो. उलट मिश्र पुडीच्या कॉफीत चिकोरी असते, तिच्यात कॅफीन नसतेच. कोकोची गोष्ट निराळी आहे. 5 ग्रॅम शुद्ध कोको पुडीत कॅफीन जेमतेम 12 मिलिग्रॅम, पण त्याचाच भाऊबंद असलेले थिओब्रोमिन मात्र 100 मिलिग्रॅमच्या घरात. ते मेंदूवर फारच दुबळे काम करते. मोठ्या मात्रेत नाडी वाढवते खरे, पण ती मात्रा एका पेल्यात येत नाही.

तरीही झोपेच्या दृष्टीने 'एका कपात किती' हा प्रश्नच अपुरा आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साठत जाते आणि तेच झोपेची ओढ निर्माण करते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसते. ओढ साठतच राहते, फक्त जाणवत नाही. रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला सरासरी 5 तास लागतात. आता दोन माणसे घ्या. एकजण सकाळी 7 वाजता 100 मिलिग्रॅमची कडक कॉफी पितो आणि दिवसभर दुसरे काही घेत नाही. दुसरा सकाळी 7, 11, दुपारी 4 आणि संध्याकाळी 7 असा चार वेळा प्रत्येकी 45 मिलिग्रॅमचा चहा घेतो. रात्री 11 ला कॉफीवाल्याच्या अंगात सुमारे 11 मिलिग्रॅम उरलेले असतात आणि चहावाल्याच्या अंगात सुमारे 56, म्हणजे एका ताज्या कपापेक्षाही जास्त. त्यातले 43 शेवटच्या दोन कपांचे. एवढे कॅफीन पोटात घेऊन अंथरुणावर पडणारा माणूस स्वतःला सौम्य पेयाचा भोक्ता समजतो!

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चहा पिऊनही मला डोळा लागतो. लागतही असेल, पण डोळा लागणे आणि गाढ झोप मिळणे यांत अंतर आहे आणि गाढ झोपेची तूट झोपणाऱ्याला सहसा उमगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2023 साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्याच्या हिशेबाने सुमारे 107 मिलिग्रॅमची कॉफी झोपेच्या पावणेनऊ तास आधी संपवावी लागते, पण 47 मिलिग्रॅमच्या एका कप चहाला अशी मर्यादा सापडली नाही. हे मान्यच करावे लागेल. मात्र तो निष्कर्ष एका कपाचा आहे, आणि आपला चहा एकावर थांबत नाही. शिवाय 5 तास ही सरासरी आहे. गर्भारपणाच्या शेवटी हाच काळ 15 तासांपर्यंत लांबतो, तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो बराच आखडतो. मित्राला रात्री दहाचा चहा पचतो, हा तुमच्यासाठी पुरावा नव्हे.

गंमत अशी की झोपेविषयी निर्धास्त असलेले लोक छातीत धडधड होईल म्हणून कॉफीला भितात. नेहमीच्या मात्रेत कॅफीन नाडी फारशी वाढवत नाही. सवय नसलेल्याचा रक्तदाब थोडा वेळ चढतो आणि सवयीने तो परिणामही बोथट होतो. 2023 मध्येच प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात 100 प्रौढांना दोन आठवडे काही दिवस कॉफी पिण्यास आणि काही दिवस कॅफीन टाळण्यास सांगून त्यांचे हृदयस्पंदन सतत नोंदवले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके कॉफीच्या दिवशी लक्षणीय वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले वाढले, दिवसाला सरासरी 102 वरून 154. निरोगी माणसात असे थोडे जादा ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. पण त्याच प्रयोगात कॉफीच्या दिवशी झोप 36 मिनिटांनी घटली. ज्यांना खालच्या कप्प्यांचा अनियमितपणा आधीच आहे किंवा दोन घोटांत धडधड जाणवते, त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. बाकीच्यांनी सकाळची कॉफी तशीच राहू द्यावी; छाटायचाच असेल तर दुपारी चारनंतरचा चहा छाटावा.