भरलेली बाटली

उन्हाळ्यात आमच्या बुलढाण्याचे घाटावरचे लोक घाटाखालच्या खामगाव-मलकापूरवाल्यांची कीव करतात आणि स्वतः गुपचूप फ्रीज उघडतात. हल्ली त्या फ्रीजमध्ये गार पाण्यात भिजवलेल्या कॉफीचा अर्क असतो.

कृती सोपी आहे. लापशीच्या रव्याइतकी जाडसर दळलेली, चिकोरी नसलेली 100 ग्रॅम कॉफी घ्यायची, 500 मिलिलिटर पाण्यात रात्रभर, म्हणजे चौदा-सोळा तास, झाकून ठेवायची आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायची. बारीक पूड घेतली की फडकं तुंबतं आणि तळाशी गाळ बसतो. पाणी 500 घातलं म्हणून अर्क 500 निघत नाही. चोथा आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून बसतो. हाती लागतो सुमारे 300. एवढं कमिशन मध्यस्थाला द्यावंच लागतं!

यातला 60 मिलिलिटर अर्क म्हणजे एक पेला. सकाळी त्यात 60 पाणी घालावं, दुपारी 120. दुपारचा पेला पातळ लागतो, म्हणून पिणारा स्वतःला संयमी समजतो. पण दोन्ही पेल्यांत कॉफी तेवढीच, सुमारे 12 ग्रॅम पुडीची. पाणी वाढवून व्यसन कमी होत नाही, फक्त लांबतं. रात्री झोप येत नाही तेव्हा कळतं, की हिशोब अर्काचा असतो, पेल्याचा नाही.

खरा नैतिक प्रश्न मात्र बाटलीचा आहे. भरल्या घरात ज्याने 60 घेतलं तो तेवढंच पाणी बाटलीत ओततो. का, तर "मागून येणाऱ्याला कमी पडू नये!" केवढी ही परोपकारबुद्धी! आता हिशोब बघा. पहिल्याला शंभर टक्के अर्क मिळाला. दुसऱ्याला 80, तिसऱ्याला 64, चौथ्याला 51 आणि पाचव्याला 41. पाचव्याने पाणी ओतलं की बाटलीत उरतो जेमतेम 33 टक्के. बाटली मात्र काठोकाठ! शिवाय नुसता अर्क फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, पाणी घातलेला दोन-तीन दिवसांतच उतरतो.

संध्याकाळी आलेले भाऊजी घोट घेऊन विचारतात, "वहिनी, कॉफी इकडून गेली होती काय?" आता दोष कुणाला द्यायचा? दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण धरतो, कारण तो एकटा असतो. इथे पाच जण आहेत, प्रत्येकाने थोडंसंच घातलंय, तेही दुसऱ्यासाठी. चोरी कुणीच केली नाही आणि मुद्देमाल मात्र गायब!

माझ्या मते पाप पाण्यात नाही, ते कुठे ओतलं यात आहे. पेल्यात ओतलेलं पाणी ही आपली आवड, तिचे परिणाम आपण भोगतो. बाटलीत ओतलेलं पाणी हा दुसऱ्याच्या वतीने परस्पर घेतलेला निर्णय. म्हणून पाणी पेल्यातच घालावं आणि बाटली रिकामी होताना दिसू द्यावी. रिकामी बाटली निदान खरं बोलते, आणि ती बघून कुणीतरी रात्री कॉफी भिजत घालतं.