‘जावो’च्या अलीकडचं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दरवर्षी दहा-बारा कार्डं आणतो आणि पहिलं कार्ड उघडलं की अडून बसतो. आतली उजवी बाजू कोरी असते. फार तर पाच ओळी, तीस-पस्तीस शब्द मावतील एवढी जागा. त्यातली निम्मी जागा छापील मजकुरानेच खाल्लेली असली तर मला बरंच वाटतं. छापलेलं वाक्य तेच असतं: नवीन वर्ष आपणास सुखाचे, समृद्धीचे, भरभराटीचे जावो.

या ‘जावो’ला व्याकरणात आज्ञार्थ म्हणतात. जावो, होवो, लाभो ही सगळी आज्ञार्थाची तृतीय पुरुषी रूपं. आशीर्वाद आणि प्रार्थना दोन्ही त्यातच बसतात, ‘देव तुझं भलं करो’ हे त्याचं शाळेतलं उदाहरण. म्हणजे नव्या वर्षाचा संकल्प करणारा स्वतःला हुकूम सोडतो आणि शुभेच्छा देणारा काळाला. हुकूम पाळला जाईल अशी अपेक्षा दोघांचीही नसते. मला या रूपाबद्दल तक्रार नाही, देवापुढे ते शोभतं. पण ज्या माणसाचं आख्खं वर्ष आपण पाहिलं आहे, त्याला लिहिताना ‘जावो’ म्हणजे त्या वर्षाकडे पाठ फिरवणं होतं. व्याकरणात आणखी एक अर्थ आहे, त्याला स्वार्थ म्हणतात. नाव फसवं आहे. त्यात क्रियापद कसली आज्ञा देत नाही, इच्छा करत नाही, काय झालं तेवढं सांगतं. सरत्या वर्षाच्या ओळी मला या स्वार्थात हव्या असतात.

छापील मजकुराचा दोष नाही, कार्डाचा जन्मच वेळ नाही म्हणून झाला. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांच्यापुढे नाताळच्या पत्रांचा ढीग पडला होता. इंग्लंडात पेनीचं टपाल सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती, त्यामुळे पत्रं भराभर येत आणि उत्तरं द्यावी लागत. कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजाराच्या आसपास प्रती छापल्या, वर घेणाऱ्याच्या आणि खाली देणाऱ्याच्या नावासाठी रिकामी जागा ठेवली. काम झालं. उरलेल्या प्रती शिलिंगाला एक अशा विकल्या गेल्या. पत्र लिहावं लागू नये म्हणून निघालेल्या वस्तूवर आपण पत्राची अपेक्षा लादतो आणि मग कोरी जागा बघून अडतो!

आणि वर्षअखेर तरी कुठे पक्की आहे? डिसेंबर या शब्दात ‘दश’ बसलेला आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हटलं की सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतात, कारण लॅटिन आणि संस्कृत या एका कुळातल्या भाषा. रोमनांचं जुनं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, आपल्या चैत्राच्या आसपास. पुढे वर्षारंभ जानेवारीत गेला, महिन्यांची नावं तशीच राहिली. इंग्लंडात तर 1752 पर्यंत कायद्याचं वर्ष 25 मार्चला लागत होतं. तेव्हा 31 डिसेंबरला काही संपतं असं नाही. गव्हाला ओंब्याही आलेल्या नसतात, पौष लागायच्या बेतात असतो किंवा नुकताच लागलेला असतो. मराठीत वर्षाला ‘सरतं’ म्हणतात ते मला म्हणूनच आवडतं. पणतीतलं तेल सरतं, तसं.

आता एक कार्ड. माझा सांगलीकडचा एक मित्र. त्याचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ऑगस्टमध्ये गेले. ते शेतीखात्यातून निवृत्त झालेले. गच्चीवर त्यांनी पर्जन्यमापक ठेवला होता आणि पावसाळ्यात रोज सकाळी आठ-साडेआठला पाणी मोजून मिलिमीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचे. त्याच चौकोनात दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख. कुणीही घरी आलं की चहाच्या आधी कालचा पाऊस सांगायचे. मित्र दिवाळीनंतर फोनवर सहज म्हणाला होता, हे कॅलेंडर उतरवायचं जिवावर आलंय रे.

पहिला खर्डा हाताच्या सवयीने झाला: येणारं वर्ष आनंदाचं जावो. ज्या घरात वर्षभर सण करायचा नाही, तिथे हे पाठवणं निर्दयपणाचं आहे. जपानात नववर्षाची कार्डं पाठवायची मोठी रीत, पण घरात मृत्यू झाला असेल तर ते घर वर्ष संपण्याआधीच साधं पत्र पाठवून कळवतं की यंदा आमच्याकडून शुभेच्छा येणार नाहीत. आपल्याकडे असं कळवावं लागत नाही, लोकांना ठाऊक असतं. निदान असायचं.

दुसरा खर्डा चिंतनाचा झाला: काळ पुढे जातो, आठवणी मागे राहतात, दुःख हळूहळू निवतं. हा जास्त घातक, कारण लिहिताना आपण खोल काही लिहितोय असं वाटतं. कस लावायची माझी एक रीत आहे. कार्डावरचं नाव झाकायचं. तोच मजकूर दुसऱ्या कुणाला चालतोय का बघायचं. चालत असेल तर तो त्याचा नाही. हा तर कुणालाही चालला असता, नोकरी गेलेल्यालासुद्धा. शिवाय ‘निवतं’ हे मी कोण सांगणार?

मग फक्त झालेलं लिहायचं ठरवलं. त्याला आणि मला दोघांना माहीत असलेलं, एकच. विशेषणं काढली. ‘पवित्र स्मृती’ काढली, त्या शब्दाने अण्णा एकदम फोटोत जाऊन बसत होते. उरलं ते असं:

जूनमध्ये आलो होतो तेव्हा अण्णांनी दारातच
रात्रीचा पाऊस सांगितला होता, बेचाळीस मिलिमीटर.
ऑगस्टनंतरचे चौकोन कोरे आहेत, पाऊस पडलाच होता.
कॅलेंडर उतरवायची घाई नाही.
संक्रांतीनंतर येतो.

चौथ्या ओळीवर मी बराच अडलो. ‘उतरवू नकोस’ लिहिलं असतं तर पुन्हा आज्ञा झाली असती. ‘घाई नाही’ म्हटलं की ठरवणं त्याच्याकडे राहतं. शेवटी जुन्या पत्रांतलं ‘लोभ असावा’ लिहावं असंही मनात आलं. त्या विनंतीत देण्याचा आव नाही, ती मागते, आणि मला ती कुठल्याही शुभेच्छेपेक्षा मोठी वाटते. पण आमच्यात ते नाटकी झालं असतं. ‘येतो’ पुरे. निघतानाही आपण येतोच म्हणतो.

लिहिताना एक अडचण झाली ती कागदाची. गुळगुळीत कार्डावर जेल पेनची शाई वाळत नाही आणि पालथा हात फिरला की ‘पाऊस’ पुसतो. साधं बॉलपेन घेतलं, अर्धा तास कार्ड उघडं ठेवलं आणि 20 तारखेला पेटीत टाकलं.

इतर कार्डांना व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली चित्रं आली. सांगलीहून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. वर श्री नव्हता, मायना नव्हता. लिहिलं होतं: बेचाळीस नव्हे, सत्तेचाळीस. चौकोन बघितला.