आजीचं निळं अंडं

जर्मनीत हातबाहुल्यांच्या खेळात कास्पर नावाचा बाहुला पडद्याआडून वर आला की आधी विचारतो, "सगळे आलात का?" मुलं ओरडतात, "या!" म्हणजे "हो!" मागून मगर येताना दिसली, तर तीही मुलंच ओरडून सांगतात. ईस्टरच्या आधी इथल्या बालवाडीसाठी मी सशाचा खेळ बसवला, तेव्हा ही सवय मी विसरलेच होते.

ससा राखाडी मोज्याचा. चार बोटं मोज्याच्या टोकात, अंगठा टाचेत, मधलं कापड आत दाबलं की तोंड तयार. आजी बेकरीतल्या कागदी पिशवीची. पिशवीच्या तळाची घडी हलवली की ती बोलते. ईस्टरला इथे अंड्याला दोन भोकं पाडून आतलं फुंकून काढतात आणि रंगवलेलं टरफल फांदीला टांगतात. मीही खरं टरफलच टांगलं, कारण ते फुटल्याचा आवाज मुलांना ऐकू यायला हवा होता.

पहिल्या खेळात सशाने अंडं फोडलं, तुकडे पानाखाली लपवले. आजीने विचारायचा अवकाश, मुलं ओरडली, "सशाने फोडलं!" सशाला नुसती मान हलवायची उरली. खरं बोलली ती मुलं. मग मी मधला भाग नव्याने लिहिला.

ससा (मुलांना, हळूच): तुम्ही पाहिलंत ना? आजीला मीच सांगणार. तोवर तोंडावर बोट ठेवाल?

आजी (येते): माझं निळं अंडं कुठे गेलं रे?

(ससा गप्प. मोज्यातली मूठ हळूहळू मिटायची, म्हणजे त्याचं तोंड आत जातं. मनात पाच आकडे मोजायचे. घाई करायची नाही.)

ससा: आजी… मी झुलवलं. फुटलं. तुकडे पानाखाली लपवलेत.

आजी: आजोबांनी रंगवलं होतं रे ते. (थांबते.) पण तू सांगितलंस, ते मला फार आवडलं.

आजीचं हे वाक्य मी मुद्दाम ठेवलं. 2014 मध्ये कांग ली आणि सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या. खोटं बोलून नाक लांबलेल्या पिनोकिओच्या गोष्टीने मुलं जास्त खरं बोलू लागली नाहीत. चूक कबूल केल्यावर ज्याचं कौतुक झालं, त्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने मात्र बोलू लागली. तरी आजीने नवं अंडं आणायचं नाही, हे मी ठरवलं होतं. खरं बोललं म्हणून फुटलेलं जुळत नाही, हेही मुलांना दिसू दे.

ससा: मग आता?

आजी: आता तुकडे आण. कागदावर चिकटवू.

(ससा एकेक तुकडा आणतो. मुलं मोजतात.)

आजी: एक कमी आहे.

ससा: थांब हं, आजी. (पुन्हा पानाखाली शिरतो.)