तयार वाक्याचा मोह

सातारा येथील सैनिक शाळा १९६१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुले तयार करण्याच्या हेतूने सुरू झाली. परंतु उमेदवार त्या शाळेतला असो वा सांगलीकडील एखाद्या मराठी माध्यमाच्या शाळेतला, प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याला ‘एसएसबी’, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे जावे लागते, आणि तेथील गटचर्चा प्रामुख्याने इंग्रजीत होते. आठ-दहा उमेदवार, नेमलेला नेता नाही, सुमारे वीस मिनिटे आणि बाजूला बसून केवळ निरीक्षण करणारा अधिकारी, असे तिचे स्वरूप असते. आठ जणांत वीस मिनिटे वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. म्हणून जो पाच मिनिटे बोलतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातूनच बोलतो.

मराठीत विचार करणाऱ्या उमेदवाराची खरी अडचण शब्दसंग्रहाची कमी आणि वेळेची अधिक असते. दुष्काळी भागात उसावर निर्बंध असावेत का, असा विषय आहे असे समजू. एकाने उसाला लागणाऱ्या पाण्याचा मुद्दा मांडताच जत किंवा माण तालुक्यातला उमेदवार मनात टँकरविषयीचे इंग्रजी वाक्य जुळवू लागतो. ते जुळेपर्यंत चर्चा उसाच्या हमखास भावाकडे वळलेली असते, आणि तरीही तो तेच वाक्य बोलतो. वाक्य निर्दोष असते, पण ते कोणालाच उत्तर देत नाही, आणि पुढचा वक्ता त्याचा उल्लेखही न करता पुढे जातो, यावरून ते विषयाबाहेर गेल्याचे ओळखता येते.

अशा वेळी दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. भावाचा मुद्दा मांडणाऱ्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे, तो मुद्दा अर्ध्या वाक्यात मान्य करावा आणि मगच आपले म्हणणे त्याला जोडावे: भाव हमखास आहे म्हणूनच शेतकरी ऊस सोडत नाही, तेव्हा निर्बंधाआधी डाळिंब किंवा ज्वारीलाही तसाच भरवसा मिळावा. ‘यू सेड प्राइस इज शुअर, सो गिव्ह अदर क्रॉप्स द सेम शुअरिटी’ एवढी साधी इंग्रजी त्यासाठी पुरते. असा दुवा सापडला नाही, तर तयार वाक्य सोडून द्यावे. गलका वाढल्यास आवाज चढवण्यापेक्षा, अद्याप न बोललेल्या उमेदवाराचे मत विचारणे अधिक उपयोगी ठरते. मात्र स्वतःकडे मुद्दा नसताना केलेली अशी विचारणा देखावाच ठरते.

दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय या चर्चेत सुसंगत बोलता येत नाही. म्हणून तयारी करणाऱ्यांनी पाठ केलेली सुरुवातीची वाक्ये बाजूला ठेवावीत आणि रोज एका सोबत्याचा मुद्दा, त्याला मान्य होईल अशा दोन सोप्या इंग्रजी वाक्यांत, पुन्हा सांगून पाहावा.